ताईंकडे शिफारस मागताना

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी खालापूरच्या ताईंचं नाव सांगतो. आईवडिलांचं ऋण वेगळं, ते मोजण्यात धरत नाही. ताईंचा आणि माझा रक्ताचा काही संबंध नाही. त्यांचा पावडर कोटिंगचा कारखाना आहे आणि मी त्यांचा सल्लागार आहे. खरं नाव इथे लिहिलेलं त्यांना आवडणार नाही. कामगार त्यांना ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणतो.

मी कशेळ्याच्या पुढच्या एका गावातला. वडील भातशेती करायचे आणि उरलेल्या दिवसांत भिवपुरीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत बागकामाला जायचे. घरात पदवी घेतलेला मी पहिला. कर्जतला बी.एस्सी. केलं, मग औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा केला आणि पनवेलच्या एका मोठ्या सल्लागार कंपनीत काही वर्षं काढली. तिथे आमचं काम म्हणजे कारखान्यांना कायद्याच्या चौकटीत ठेवणं. प्रदूषण मंडळाची संमतीपत्रं, फॅक्टरी लायसनचं नूतनीकरण, घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण, आग विझवण्याची साधनं, कामगारांकडून मॉक ड्रिल करून घेणं. पुढे ती नोकरी सोडून मी कर्जतमध्ये पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत स्वतःचा बोर्ड लावला. बोर्ड लागला, पण काम येईना. पहिलं काम दिलं ते ताईंनी.

त्याआधी त्यांच्याकडे एक दुसरे सल्लागार होते. ताईंच्या गिऱ्हाइकांची नावं आणि कोण किती माल रंगवून नेतो हे सगळं त्या माणसाने त्याच रांगेतल्या दुसऱ्या पावडर कोटिंगवाल्याला पुरवलं. शेजाऱ्याने दर पाडून त्यांची दोन चांगली गिऱ्हाइकं ओढली. ताईंचे यजमान तेव्हा आजारी होते. सगळा कारखाना त्यांच्या अंगावर पडला होता आणि वर ही फसवणूक. पहिल्या भेटीत त्यांनी मला खुर्ची दिली, पण चहा काही सांगितला नाही.

"तुमीबी तसलंच करणार काय?" त्यांनी सरळ विचारलं.

मी एवढा हललो की उभा राहिलो. म्हणालो, "ताई, तुमच्या शेजारच्या कुणाचंही काम मी कधी घेणार नाही. शब्द देतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग चहा सांगितला.

तेव्हापासून मी त्यांचं काम करतो आहे. त्यांच्याकडे लोखंडी जाळ्या आणि विजेच्या पेट्या रंगवतात. आधी त्या आम्लाच्या आणि फॉस्फेटच्या टाक्यांत बुडवून धुतात, मग त्यांच्यावर रंगाची कोरडी पूड उडवतात आणि भट्टीत भाजतात. धुतल्यानंतरचं पाणी शुद्ध करावं लागतं आणि खाली बसलेला गाळ घातक कचऱ्यात मोडतो. तो नोंद करून, अधिकृत गाडीतूनच पाठवावा लागतो. यातलं काही चुकलं तर कारखान्याला टाळं लागू शकतं. इतक्या वर्षांत त्यांच्या दारात नोटीस आली नाही. एकदा पूड उडवण्याच्या खोलीत भडका उडाला होता. तेव्हा माणसं मागच्या दाराने शिस्तीत बाहेर आली, कारण ते दार मोकळं ठेवायचं यावरून मी दर भेटीला भांडायचो. ताईंनी त्या दिवशी मला फोन करून एवढंच सांगितलं, "सगळी बाहेर हायती. तू ये." त्या दिवसापासून मी 'तुम्ही'चा 'तू' झालो. लोकांसमोर मात्र त्या मला सर म्हणतात.

हे सगळं सांगतो आहे ते गेल्या दसऱ्यामुळे.

आमच्याकडे कारखान्यांत दसऱ्याला यंत्रांची पूजा होते. भट्टीला झेंडूची माळ घालतात, कॉम्प्रेसरला हळदकुंकू लावतात आणि पान्यांचा जुडगा पाटावर मांडतात. आजूबाजूचे कारखानदार एकमेकांकडे जाऊन प्रसाद घेतात आणि निम्मी कामाची बोलणी त्याच दिवशी होतात. मीही दर वर्षी इस्त्रीचा शर्ट घालून जातो.

गेल्या वर्षी ताईंच्या कारखान्यासमोर, रस्त्यापलीकडे, नव्या शेडची एक लांब रांग उभी राहात होती. तिथे नवे कारखाने येणार होते. प्लास्टिकचे डबे करणारे, पुठ्ठ्याचे खोके करणारे, एक मसाल्याचे पॅकिंगवाले. यंत्रं बसवायच्या आधीच प्रदूषण मंडळाची परवानगी लागते, त्यामुळे त्या सगळ्यांना सल्लागार हवा होता. मलाही त्यांची गरज होती. माझ्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी दोन कारखाने गुजरातला गेले होते. दिवाळीपर्यंत नवं काम मिळालं नाही तर बोर्ड उतरवून पुन्हा नोकरी धरावी लागणार, हे मी आणि बायकोने बोलून ठेवलं होतं.

नोकरी कुठे मिळेल हेही मला माहीत होतं. पनवेलच्या कंपनीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा माझा मित्र आता स्वतःची सल्लागार कंपनी चालवतो. त्याच्याकडे माणसं आहेत, गाडी आहे, पाण्याचे नमुने घ्यायला वेगळा मुलगा आहे. भेटला की म्हणतो, "भावा, कशाला एकटा मरतोस? माझ्याकडे ये." तो हे प्रेमाने म्हणतो. ते मला सहन होत नाही.

तर त्या दिवशी मी आत गेलो आणि बघतो तो माझा मित्र ताईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसलेला. भट्टीच्या अगदी जवळ, पूजेच्या पाटासमोर. दर वर्षी मी तिथे बसायचो. कुणी सांगितलं नव्हतं की ती माझी जागा आहे, पण मला ती माझीच वाटत होती.

"ये भावा, ये," तो म्हणाला आणि जागेवरून उठला नाही.

समोरच्या शेडमधले दोन-तीन जण प्रसादाला आले. ताईंनी त्यांना बसवलं आणि माझ्या मित्राकडे बोट करून म्हणाल्या, "तुमाला परवानग्यांचं कुणी पायजे होतं ना? हे बघा. मागच्या रस्त्यावरच्या तिघांचं ह्यांनीच केलंय. चांगलं काम हाय."

मी हातात खोबऱ्याचा तुकडा घेऊन कॉम्प्रेसरपाशी उभा होतो. पुठ्ठेवाल्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "आणि हे?"

"हे?" ताई हसल्या. "हे आमच्या घरचे."

ते हसून नमस्कार करून पुन्हा माझ्या मित्राकडे वळले. त्याने खिशातून कार्डं काढून वाटली.

घरचे! मी नंतर बायकोला सांगताना हा शब्द पुन्हा पुन्हा उच्चारला. मागच्या रस्त्यावरच्या तिघांचं काम त्याला मिळालं, तेही ताईंमुळे, आणि मला त्याचा पत्ताही नाही. त्यांच्या कारखान्यातला आम्लाचा प्रत्येक थेंब मला माहीत, मागचं दार मी मोकळं ठेवलं, आणि शिफारस त्याची! त्याचं काम चांगलं आहे हे त्यांना कसं कळलं? त्याने त्यांच्यासाठी एकदाही काही केलेलं नाही. कर्जतपर्यंत बाइकवर येताना मी स्वतःशी इतका बडबडत होतो की चौक गावच्या फाट्यावर एका रिक्षावाल्याने विचारलं, "काय सर, फोनवर हाय काय?"

बायकोने सगळं ऐकून घेतलं. ती शाळेत शिक्षिका आहे, तिच्यापुढे माझं म्हणणं नेहमी थोडं लहान होतं.

"अहो, तुम्ही कधी ताईंना सांगितलंत का, की मला नवं काम हवं आहे?"

"सांगायचं कशाला? त्यांना दिसत नाही?"

"त्यांना तुमची बँकेची पासबुकं दिसतात होय?"

"आमच्या घरी कुणाकडे काही मागायची पद्धत नाही," मी म्हणालो.

"मग तुमचा मित्र त्याच्या घरच्या पद्धतीने खातोय. तुम्ही बसा तुमच्या पद्धतीने." मग जरा मऊ होऊन म्हणाली, "पत्र लिहा. इतकी वर्षं काम दिलं म्हणून आभार माना आणि शेवटी विचारा की कुणाला सांगाल का. एवढं सगळेच करतात."

रविवारी दुपारी मी पत्र लिहायला बसलो. पहिल्या कागदावर आभार दोन ओळींत संपले आणि पुढे पानभर माझा मित्र आला. त्याचं नाव कुठेच नव्हतं. 'हल्ली काही मोठ्या संस्था कनिष्ठ मुलांना पाठवून कागद भरतात', 'प्रत्यक्ष कारखान्यात न येता अहवाल देणारे', 'केवळ कार्डं वाटून विश्वास निर्माण होत नाही', असं सगळं. लिहिताना फार बरं वाटत होतं.

बायकोने वाचलं. "हे आभाराचं पत्र आहे की तक्रारीचं?"

"यात खोटं काय आहे?"

"तुमचा मित्र कारखान्यात न जाता अहवाल देतो, हे तुम्ही बघितलंय?"

मी बघितलं नव्हतं. खरं तर पनवेलला असताना टाकीवर चढून नमुना घेण्यात तो माझ्याही पुढे असायचा. मी तो कागद फाडला आणि दुसरा लिहिला. त्यात 'आपली कृपादृष्टी', 'आपला नम्र', 'आपल्या पायरीवरचा', असं काहीतरी होतं. तो वाचून ती हसली नाही, हे मला जास्त लागलं. ती म्हणाली, "असं वाचलं की ताई घाबरतील. वाटेल पैसेच मागायला आलाय."

तरी दुसरा कागद मी पिशवीत ठेवला आणि ठरलेल्या भेटीला खालापूरला गेलो. त्या दिवशी गाळाची पोती न्यायला गाडी यायची होती. वजन, नोंदी आणि गाडीवाल्याची सही हे मी स्वतः बघतो. पोती चढत असताना ताई बाहेर आल्या.

"काय रं सर, दसऱ्याला न जेवता कुठं पळालास? पुरणपोळी तशीच राहिली."

"काम होतं, ताई."

"काम? तोंड तर असं केलेलंस जसं काय कुणी पान वाढलंच नाय."

मी विषय टाळायचा ठरवलं होतं, पण तोंडातून निघून गेलं. "ताई, मागच्या रस्त्यावरच्यांना तुम्ही माझ्या मित्राकडे पाठवलंत?"

"पाठवलं की. त्याचं आडगावच्या रंगवाल्याकडं काम चांगलं चाललंय, त्या रंगवाल्यानंच सांगितलं. म्हणून मी पाठवलं. का?"

"आणि समोरच्या शेडमधल्यांनाही?"

"व्हय." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "अरं, म्हणजे ते तुला पायजे होते?"

मी हातातल्या नोंदवहीत पोत्यांचं वजन लिहायला लागलो.

"तूच नाय का म्हणालेला? शेजारच्या कुणाचं काम करणार नाय म्हणून? माझ्यासमोर उभं राहून शब्द दिलेलास. मी कुणाला तुझ्याकडं पाठवणार आणि तुला शब्द मोडायला लावणार? चार जण विचारून गेले मला. मी सगळ्यांना सांगितलं, ते आमच्याशिवाय हितं कुणाचं करत नायत."

"ताई, ते मी आपल्या रांगेतल्या पावडर कोटिंगवाल्याबद्दल बोललो होतो. पुठ्ठ्याच्या खोक्यांशी आपली काय स्पर्धा?"

"मला काय ठाऊक तुझं शेजारपण कुठवर जातं? तू कधी सांगितलंस? मला वाटलं मोठा मानी माणूस हाय, त्याचा मान ठेवावा."

पोती चढवणारे थांबून ऐकत होते. ताईंनी त्यांच्याकडे बघून हात हलवला, तसे ते पुन्हा कामाला लागले.

मला काय वाटलं ते धड सांगता येणार नाही. एकीकडे लाज वाटली. दुसरीकडे हेही वाटलं, की म्हणजे त्यांनी मला टाळलं नव्हतं, माझा शब्द त्या माझ्यापेक्षा जास्त सांभाळत होत्या. तरीही मत्सर लगेच गेला नाही. माझ्याच शब्दामुळे त्याला चार कामं मिळाली, हा विचार येऊन तो जरा वाढलाच.

"बरं, आता सांग," ताई म्हणाल्या, "तुझं नाव घ्यायचं तर लोकांना काय सांगू? ते विचारतात काय काय करतो माणूस. मला येवढंच म्हायतीय की तू आल्यापासून मला झोप लागते. असं सांगितलं तर लोक हसतील."

"मी पत्र आणलंय," मी म्हणालो आणि पिशवीत हात घातला. मग 'आपल्या पायरीवरचा' आठवला आणि हात तसाच बाहेर काढला. "पण ते नीट लिहून आणतो."

"लिहूनच आण. तोंडी सांगितलेलं मी इसरते. आणि लांबलचक नको, मला चष्मा लावून वाचायला लागतं."

"समोरचे तर आता मित्राकडे गेलेच असतील."

"पुठ्ठेवाले गेले. मसालेवाल्यांचं अजून काय ठरलेलं नाय. त्यांची बायको मला परवा भेटली. आणि मोहोपाड्याला माझ्या भावाच्या ओळखीचा एक हाय." मग डोळे बारीक करून म्हणाल्या, "कमिशन किती देणार मला?"

"ताई!"

"चेष्टा केली रं. तुझं तोंड बघ."

त्या रात्रीचं जेवण होण्याआधीच मी लिहायला बसलो. या वेळी एकाच ठिकाणी अडलो. मित्राबद्दल लिहावं की नाही? लिहिलं नाही तर त्या मला मान देण्यासाठी त्याच्याकडे जाणारी माणसं परत बोलावतील, हे मला कळत होतं. आणि खरं सांगायचं तर, बोलावली असती तर मला आवडलं असतं. बायको ताटं वाढत होती. मी तिला विचारलं नाही. मित्राबद्दलची ओळ मी आधी लिहिली आणि मग बाकीचं पत्र तिच्याभोवती लिहिलं.

ते पत्र असं:

आदरणीय ताई,

माझ्या कामाच्या सुरुवातीपासून तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात, त्याबद्दल तुमचे मनापासून आभार. तुम्ही पहिलं काम दिलंत तेव्हा माझ्याकडे दाखवायला दुसरं एकही काम नव्हतं. तुमच्या कारखान्यातून मी जे शिकलो ते डिप्लोम्यात शिकलो नव्हतो. भडका उडाला त्या दिवशी तुम्ही आधी माणसं मोजलीत आणि मग मला फोन केलात. तेव्हापासून मी प्रत्येक कारखान्यात आधी बाहेर पडायचं दार बघतो आणि मग कागद बघतो.

आता एक विनंती. मला नवी कामं हवी आहेत. तुमच्या ओळखीत कुणाला गरज असेल तर माझं नाव सांगाल का?

तुम्ही विचारलं होतं की लोकांना काय सांगायचं. एवढं सांगितलंत तरी पुरेल: लहान आणि मध्यम कारखान्यांची प्रदूषण मंडळाची संमतीपत्रं, फॅक्टरी लायसन, कचऱ्याच्या नोंदी आणि विवरणं, आगीपासूनची तयारी आणि कामगारांचं प्रशिक्षण मी करतो. ठरलेल्या भेटीला स्वतः येतो. संमतीपत्राची मुदत संपायच्या कितीतरी आधी आठवण करतो. मंजुरी मंडळाच्या हातात असते, ती मिळेलच असं मी कुणाला सांगत नाही. अर्ज पूर्ण आणि खरा असेल, एवढंच सांगतो. नव्या कारखान्याला यंत्रं बसवायच्या आधी यावं लागतं, नंतर नाही. हे त्यांना आवर्जून सांगा, कारण उशिरा आलेल्यांचीच धावपळ होते.

मी तुम्हाला दिलेला शब्द कुठवर आहे, हे मी कधी स्पष्ट सांगितलं नाही. आता लिहून देतो. पावडर कोटिंग करणारा तुमच्या भागातला दुसरा कारखाना मी घेणार नाही. बाकी कुणाचंही काम मी घेऊ शकतो. तुमच्या कारखान्यातली कुठलीही माहिती, गिऱ्हाइकांची नावं, टाक्यांतलं रसायनांचं प्रमाण, मी कुणाला सांगितलेली नाही आणि सांगणार नाही. नव्या माणसाला तुमच्या कामाचा दाखला द्यायचा असेल तर आधी तुम्हाला विचारीन.

माझ्या मित्राकडे तुम्ही ज्यांना पाठवलंत त्यांना परत बोलावू नका. त्याचं काम चांगलं आहे. दसऱ्याला तुम्ही त्याचं नाव घेतलंत तेव्हा मला वाईट वाटलं होतं, आणि ते तुमच्यापासून लपून राहिलं नाही. म्हणून हेही लिहितो.

शिफारस करायची की नाही हे तुम्ही ठरवा. केली नाहीत तरी तुमच्या कामात फरक पडणार नाही, आणि केलीत तर त्यात कुणाला काही द्यायचं-घ्यायचं नाही. मसालेवाल्यांच्या बाईंना माझा नंबर दिलात तर त्या सांगतील त्या दिवशी मी त्यांची शेड बघायला येईन. पहिली भेट आणि काय काय लागेल त्याची यादी, यासाठी मी पैसे घेत नाही.

पुढच्या भेटीला आग विझवण्याची नळकांडी तपासायची आहेत. मागच्या दारासमोर आज दोन खोकी दिसली होती, तेवढी हलवून ठेवायला सांगा.

तुमचा,
कर्जतचा सल्लागार